पान नऊवरची टिप्पणी

संशोधनपद्धतीच्या पहिल्या तासाला सर एक वाक्य हमखास म्हणत, ‘समीक्षकाचा शेरा म्हणजे फुकटात मिळालेली शिकवणी.’ गेली एकोणीस वर्षं म्हणत होते. पोरं ते वहीत उतरवून घेत आणि सर फळा पुसत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्या फळ्याच्या वर रंगवून ठेवायला हवी होती, पण तसं कुणाला सुचलं नाही.

त्या मंगळवारी असाच तास संपवून सर खोलीत आले, खडूचे हात रुमालाला पुसले आणि संगणक उघडला. जर्नलच्या संपादकबाईंचं पत्र आलं होतं. निर्णय : मोठ्या सुधारणा आवश्यक. मुदत आठ आठवडे. खाली दोन समीक्षकांची मतं.

पहिल्या समीक्षकाने पाच ओळी लिहिल्या होत्या. लेख महत्त्वाचा आहे, भाषा ओघवती आहे, दोन ठिकाणी संदर्भाचं साल चुकलं आहे. सरांनी त्या पाच ओळी दोनदा वाचल्या. दुसऱ्याने अडीच पानं लिहिली होती. ती सरांनी एकदाच वाचली, तीही उभ्याने, आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

लेख साधा होता. शिक्षण खात्याने अडतीस शाळांच्या वर्गांत गोष्टींच्या पुस्तकांची कपाटं ठेवली. खात्याची वाचनचाचणी दरवर्षी सगळ्याच शाळांत होते. वर्षाच्या शेवटी कपाटवाल्या शाळांची मुलं बिनकपाटाच्या शाळांतल्या मुलांपेक्षा शंभरात नऊ गुणांनी पुढे निघाली. सरांनी लिहिलं, कपाटांमुळे मुलं वाचायला लागली. कुणाला आवडणार नाही असा निष्कर्ष? सरांनाही तो फार आवडला होता, आणि खरं दुखणं तिथेच होतं.

दुसऱ्या समीक्षकाने लिहिलं होतं : ‘लेखाचा दावा पुराव्यापेक्षा मोठा आहे. कपाटं मागणाऱ्या शाळांनाच मिळाली, असे लेखकच पान चारवर सांगतात. ज्या मुख्याध्यापकाने अर्ज करण्याची तसदी घेतली, त्याच्या शाळेत मुले आधीपासूनच बरी वाचत नसतील कशावरून? हा दुसरा खुलासा खोडून काढल्याखेरीज पान नऊवरचा निष्कर्ष तक्ता तीनमधून निघत नाही. विरुद्ध निष्कर्षाच्या अभ्यासांचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. विषय मोलाचा आहे, म्हणूनच युक्तिवाद भक्कम हवा.’ त्याखाली अकरा बारीक मुद्दे होते. त्यातला एक चक्क चुकीचा होता. ‘चाचणी तोंडी घेतल्याचे दिसते,’ असं त्याने लिहिलं होतं. चाचणी लेखी होती.

सरांनी नेमकं तेच बोट धरलं. “बघ, बघ! वाचलेलंच नाही यानं! लेखी चाचणीला तोंडी म्हणतोय, आणि हा माझा युक्तिवाद तपासणार!”

हे ते मुंगीला म्हणाले. मुंगी म्हणजे त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी आणि लेखाची सहलेखिका. शाळाशाळांतून एकेक आकडा दाणा उचलावा तसा उचलून आणायची, म्हणून विभागाने तिला हे नाव ठेवलं होतं, आणि तिने ते खालमानेनं मान्य केलं होतं. विद्यापीठाचा नियम असा, की एक तरी लेख जर्नलने स्वीकारल्याशिवाय प्रबंध जमा करता येत नाही. मुंगीची मुदत चार महिन्यांत संपत होती. एका कॉलेजात तिची जागा धरून ठेवली होती, पण प्रबंध जमा झाला तरच. हा लेख हुकला तर दुसऱ्या जर्नलच्या दारात पुन्हा पहिल्यापासून रांग, आणि तोवर सगळंच हातचं जाणार. हे सरांना ठाऊक होतं.

मुंगीने अडीच पानं बसून वाचली. मग हळूच म्हणाली, “सर, तो शाळांच्या निवडीचा मुद्दा... मला वाटतं, त्यांचं तिथं थोडं बरोबर...”

“थोडं बरोबर, थोडं बरोबर करत बसलो तर तुझी मुदत जाईल. तू संदर्भांची सालं दुरुस्त कर. उत्तर मी लिहितो.”

मुंगीने सालं दुरुस्त केली.

घरी सरांच्या बायकोचं शिवणकाम. पुढच्या खोलीत दोन मशिनं, भिंतीवर मापांची वही. सर जेवता जेवता समीक्षकाचा उद्धार करत होते आणि ती एका कुडत्याची उसवण काढत होती.

“गिऱ्हाईक येतं, म्हणतं खांद्यात घट्ट होतंय,” ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. “मी बघते, तर खांदा नीटच असतो. काख कमी पडलेली असते. त्याला जागा चुकीची कळते हो, पण घट्ट होतंय हे काही तो खोटं सांगत नाही.”

“तुझं गिऱ्हाईक आणि समीक्षक यांत फरक आहे.”

“आहे ना. माझं गिऱ्हाईक पैसे देतं. तुमचा तो बिचारा फुकट अडीच पानं लिहितो.”

सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि विषय बदलला. घरच्या माणसाचं शहाणपण पचायला जड जातं, हा सगळ्या विद्वानांचा जुना विकार आहे.

दुसऱ्या दिवशी सर लेखाची फाइल उघडून बसले. वर्गात ते शिकवत, की शेरे वाचून दोन दिवस बाजूला ठेवावेत, राग निवू द्यावा, मग एकेका शेऱ्याखाली कुठला प्रश्न दडलाय ते लिहून काढावं. स्वतः मात्र तापल्या तव्यावरच बसले. आधी त्यांनी समासात टिप्पण्या घालून वाफ काढली. ‘या महाशयांना शाळा आतून माहीत नाही.’ ‘उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.’ एके ठिकाणी नुसतंच ‘गाढव’. मग त्यांनी उत्तरपत्र लिहिलं. मोठ्या मुद्द्याला त्यांनी उत्तर दिलं, ‘समीक्षकांनी लेख काळजीपूर्वक वाचलेला दिसत नाही, तरीही स्पष्टतेसाठी पान नऊवरील वाक्यरचना बदलली आहे.’ वाक्य बदललं होतं. युक्तिवाद होता तिथेच होता. भिंतीला ओल आली म्हणून वरून रंग द्यावा, तसं.

एरवी फाइल पाठवायचं काम मुंगीचं. लेखकांची नावं काढायची, टिप्पण्या पुसायच्या, पानांचे आकडे तपासायचे, सगळं ती निगुतीने करायची. या वेळी सरांनी स्वतःच पाठवली. घाई होती असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की ते उत्तरपत्र मुंगीच्या नजरेस पडू नये असं त्यांना वाटत होतं. ज्या कागदाची आपल्याला आपल्याच विद्यार्थ्यापासून लपवाछपवी करावीशी वाटते, तो कागद पाठवू नये, एवढी साधी गोष्ट माणसाला त्या क्षणी सुचत नाही.

त्यांनी समासातल्या टिप्पण्या एकेक करून ‘मिटवली’ म्हणून बंद केल्या. पडद्यावरून त्या गेल्या. सरांना वाटलं, पुसल्या गेल्या.

तीन दिवसांनी संपादकबाईंचं पत्र आलं. पत्र छोटं होतं आणि त्यात एकही वाकडा शब्द नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

‘आपली सुधारित फाइल आम्ही समीक्षकांकडे पाठवलेली नाही. पाठवण्यापूर्वी कार्यालयात ती तपासली जाते, तेव्हा बंद केलेल्या टिप्पण्या फाइलमध्ये तशाच असल्याचे दिसले. त्या पुसायच्या राहिल्या असाव्यात. दुसऱ्या समीक्षकांविषयीच्या टिप्पण्यांबद्दल मी काही लिहीत नाही. मात्र पान नऊवर एक जुनी टिप्पणी आहे, अकरा महिन्यांपूर्वीची, बहुधा आपल्या सहलेखिकेची. दुसऱ्या समीक्षकांचा मुख्य प्रश्न तिने त्यांच्या आधीच विचारलेला आहे. माझ्या मते समीक्षकांना उत्तर देण्यापूर्वी तिला उत्तर द्यावे. निर्णय मी त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर घेईन. मूळ मुदत कायम आहे, सात आठवडे आहेत.’

सरांच्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या. पहिल्यांदा आठवलं ते ‘गाढव’. बाईंनी ते वाचलं होतं. कार्यालयातल्या तपासणाऱ्यानेही वाचलं असणार. सरांनी खोलीचं दार लावून घेतलं, जणू बाहेर कुणी उभं राहून हसत होतं. मग फाइल उघडली, बंद टिप्पण्या पुन्हा दिसतील असं केलं आणि पान नऊवर गेले.

मुंगीची टिप्पणी होती : ‘सर, कपाटं शाळांनी स्वतः मागितली होती ना? मग या शाळा आधीपासूनच चांगल्या असू शकतात. इथे ‘कपाटांमुळे’ म्हणता येईल का? चिठ्ठ्या टाकल्यावर ज्या शाळा प्रतीक्षा यादीत राहिल्या, त्यांच्याशी तुलना करून बघू का?’

खाली सरांचं उत्तर : ‘युक्तिवादाचं मी बघतो. तू आकडे बघ.’ आणि त्याखाली, मिटवली.

त्यांना ती संध्याकाळ आठवेना. हेच त्यांना सगळ्यात लाजिरवाणं वाटलं. विचार करून नाकारलं असतं तर निदान चूक तरी स्वतःची म्हणता आली असती. त्यांनी चालता चालता, डासाला हात मारावा तसा तो प्रश्न झटकला होता. अडीच पानं लिहिणाऱ्या परक्या माणसाला जे सापडलं, ते घरातल्या पोरीने चार ओळींत सांगितलं होतं, वर उपायही सुचवला होता.

मग त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ते खुर्चीत मागे टेकले. त्या टिप्पणीनंतरच्या सगळ्या मसुद्यांचे समास कोरे होते. पाच मसुदे. मुंगीने फक्त आकडे दुरुस्त केलेले. आणि सर विभागातल्या चहाला सांगत फिरले होते, की आताशा माझ्या लेखनात तिला काही खोट सापडत नाही.

मुंगी संगणककक्षात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायची. सर तिच्याकडे जायला निघाले, मधेच पाणी प्यायला थांबले, सूचनाफलकावरची जुनी सूचना वाचली, आणि शेवटी पोचले.

“फाइल परत आलीय,” ते म्हणाले.

मुंगीचा चेहरा उतरला. “नाकारला?”

“नाही, नाही. टिप्पण्या पुसायच्या राहिल्या होत्या. त्या बंद केल्या की जातात असं मला... म्हणजे ते सॉफ्टवेअरच जरा...” सॉफ्टवेअरवर ढकलताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. त्यांनी पत्र पुढे केलं.

मुंगीने ते वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण तिला वेळ लागला. तिने ‘गाढव’विषयी काही विचारलं नाही. पान नऊविषयीही नाही.

“प्रतीक्षा यादी माझ्याकडे आहे,” ती एवढंच म्हणाली. “सत्तावन्न शाळांनी अर्ज केला होता. कपाटं अडतीस तयार झाली. कुणाला आधी द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. एकोणीस शाळा राहिल्या. त्यांचेही चाचणीचे गुण खात्याकडे आहेत.”

“मग ही तुलना तू केलीच नाहीस का?”

“तुम्ही नको म्हणालात.”

“आणि नंतर काही लिहिलंही नाहीस. समासात.”

“तुम्हीच म्हणालात ना, आकडे बघ. मग मी आकडे बघत बसले.” ती रागाने बोलली असती तर सरांना बरं वाटलं असतं. ती पत्ता सांगावा तसं बोलली.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, “बरं, लागूया कामाला.” आणि लागले.

काम तीन आठवडे चाललं. सरांनी अडीच पानं छापून घेतली आणि एकोणीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं पहिल्यांदा करून पाहिलं. प्रत्येक शेऱ्यासमोर दोन ओळी लिहिल्या : याला नेमकं काय खुपतंय? लेखात ते कुठे आहे? ज्या शेऱ्याने युक्तिवादाचा पायाच हलतो तो सगळ्यात आधी, सालं आणि आकड्यांच्या दुरुस्त्या शेवटी. ‘तोंडी चाचणी’वाल्या शेऱ्यापाशी ते अडखळले. शेरा तर चूक होता. पण बायकोचं गिऱ्हाईक आठवलं. त्यांनी पान पाच काढलं. तिथे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, ‘मुलांना उतारा वाचून दाखवायला सांगितला.’ ते चाचणीआधीच्या सरावाविषयी होतं, पण ते वाचणाऱ्याला कळणार कसं? समीक्षकाला जागा चुकीची कळली होती. घट्ट होत होतं हे मात्र खरं होतं.

एका मुद्द्यावर समीक्षक खरोखरच चुकला होता. त्याने सुचवलेली आकडेमोड इतक्या कमी शाळांना लागू पडत नव्हती. सर मान डोलावून तेही मान्य करायला निघाले होते. मुंगी म्हणाली, “सगळंच मान्य करायचं नसतं, सर. कारण द्यायचं.” तिने कारण चार ओळींत लिहिलं, सभ्य आणि नेमकं.

आणि मोठ्या प्रश्नाचं उत्तर एका दुपारी पडद्यावर आलं. अर्ज केलेल्या शाळांचीच आपसात तुलना केली, कपाट मिळालेल्या अडतीस आणि चिठ्ठीत मागे राहिलेल्या एकोणीस, तेव्हा नऊचा फरक तीनवर आला. शाळा कमी, म्हणून त्या तिनालाही हेलकावा होता, एकपासून पाचपर्यंत. नवातले सहा गुण अर्ज करणाऱ्या शाळांचेच होते, कपाटांचे नव्हते.

“तीन,” सर म्हणाले. एवढ्या गाजावाजाचे तीन.

“पण हे तीन खरे आहेत,” मुंगी म्हणाली.

निष्कर्ष नव्याने लिहिला. विरुद्ध निष्कर्षाचे अभ्यास एका वाक्यातून काढून दोन परिच्छेदांत आणले, आणि त्यांच्याशी आपले तीन गुण बरेच जुळतात हे पाहून सर अधिकच वरमले. लेख आता लहान झाला होता, आणि पहिल्यांदाच त्याला कुठे धक्का दिला तरी तो हलत नव्हता. पुढे दुसऱ्या समीक्षकाने त्यावर एकच ओळ लिहिली, ‘आता दावा आणि पुरावा एका मापाचे आहेत,’ आणि मुंगीचा प्रबंध मुदतीच्या नऊ दिवस आधी जमा झाला. पण ही पुढची गोष्ट. त्याआधी उत्तरपत्र जायचं होतं.

उत्तरपत्राचा मसुदा सरांनी लिहिला. प्रत्येक शेरा जसाच्या तसा वर, खाली उत्तर, शेजारी बदललेल्या ओळींचे आकडे. मोठ्या मुद्द्याखाली त्यांनी लिहिलं, ‘समीक्षकांचा आक्षेप योग्य आहे.’ मग खूप वेळ थांबून पुढे घातलं, ‘हाच प्रश्न आमच्या सहलेखिकेने अकरा महिन्यांपूर्वी उपस्थित केला होता. त्याकडे मी दुर्लक्ष केले, याची मला खंत वाटते.’

वाक्य लिहून त्यांना हलकं वाटलं. चारचौघांत कबूल केलं, असं वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांनी मसुदा मुंगीकडे पाठवला आणि खिडकी उघडली.

तासाभराने फाइल परत आली. आकडे तपासलेले, एक ओळक्रमांक सुधारलेला. आणि समासात, अकरा महिन्यांनी पहिल्यांदाच, एक टिप्पणी होती.

‘सर, हे वाक्य काढावं. समीक्षकांना युक्तिवादाशी मतलब आहे, त्यांना याचा उपयोग नाही. हे तुम्ही मला सांगायला हवं होतं.’

सर ती टिप्पणी बघत राहिले. किती बरोबर होतं! पानभर पत्रात परक्या माणसांना सांगून झालं होतं. जिला सांगायचं, तिच्यासमोर तीन आठवडे शेजारी बसून त्यांनी सॉफ्टवेअर, शाळा, हेलकावा सगळं काढलं होतं, आणि तेवढं एक सोडून दिलं होतं. दावा होता, पुरावा नव्हता.

त्यांनी वाक्य पुसलं. बंद केलं नाही, पुसलं. टिप्पणीला हात लावला नाही. मग उठले, आणि या वेळी सूचनाफलकापाशी थांबले नाहीत.

मुंगी संगणकावरून नजर न काढता म्हणाली, “ओळ दोनशे चौदा बघितलीत?”

“बघितली. ऐक.” सर उभेच राहिले. भर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाला कोरड पडली होती. “तू विचारलंस ते बरोबर होतं. मी वाचलंसुद्धा नीट नाही. तुझं काम नाही असं म्हटलं, आणि मग तू बोलत नाहीस याचाच मला आनंद वाटत राहिला. चुकलो मी.”

संगणककक्षात आणखी दोघं बसले होते. त्यांनी माना वर केल्या. सरांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत.

मुंगीने खुर्ची फिरवली. तिने ‘असू दे हो, सर’ म्हटलं नाही. सर मनातून त्याचीच वाट बघत होते, हे त्यांना ती तसं म्हणाली नाही तेव्हा कळलं. तिने शेजारच्या खुर्चीवरचे कागद उचलले.

“बसा,” ती म्हणाली. “पान नऊवर अजून दोन प्रश्न आहेत माझे.”